मोटर लांब, ड्राइव्ह इथं: केबलमधून दुप्पट होणारं व्होल्टेज आणि त्यावरचे फिल्टर

जळालेली मोटर वाइंडिंगवाल्याकडे उघडली की ती कशी जळली हे बहुतेक वेळा नुसतं बघूनच कळतं. ओव्हरलोडने जळाली असेल तर सगळ्या कॉइल सारख्याच काळ्या पडलेल्या असतात. एक फेज गेलेली असताना चालत राहिली असेल, तर स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसऱ्या फेजच्या स्वच्छ दिसतात; डेल्टात उलट, एकच फेज जळते. पण व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर, चालणाऱ्या काही मोटर यात कुठेच बसत नाहीत. बाकीचं वाइंडिंग नव्यासारखं, वार्निशचा रंगसुद्धा बदललेला नाही, आणि लीडजवळच्या एखाद्या कॉइलच्या पहिल्या काही वेढ्यांत मात्र तांबं वितळून गेलेलं. मेंटेनन्सवाले शपथेवर सांगतात की लोड नेहमीचाच होता, मीटरवर व्होल्टेज बरोबर होतं आणि परवाच मेगर केला तेव्हा रीडिंग उत्तम आलं होतं. ते खरंच सांगत असतात. त्या मोटरला मारणारं व्होल्टेज साध्या मीटरला दिसतच नाही.

एक नेहमीचं उदाहरण धरू. कारखान्याच्या पॅनेल रूममध्ये १५ किलोवॉटचा ड्राइव्ह आहे. सांडपाणी प्रक्रियेचा पंप कुंपणाच्या पलीकडच्या टोकाला, केबलने १२० मीटर लांब. मोटर ४१५ व्होल्टची, पूर्ण लोडला साधारण २८ अँपिअर घेणारी. आधी ती स्टार-डेल्टा स्टार्टरवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली. विजेची बचत म्हणून ड्राइव्ह बसवला, मोटर आणि केबल जुनीच ठेवली.

ड्राइव्ह मोटरला जे देतो ती साइन वेव्ह नसते. तो आलेल्या एसीचं आधी डीसी करतो. ४१५ व्होल्टचं शिखर सुमारे ५८५ असतं, म्हणून आतल्या डीसी बसवर साधारण ५८० व्होल्ट उभे राहतात असं धरू. मग आयजीबीटी नावाचे स्विच हे ५८० व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरकडे सोडतात. चालू वेळ कमी-जास्त करून सरासरी साइनसारखी केली जाते. मोटरच्या कॉइलमुळे करंट बऱ्यापैकी गुळगुळीत होतो, त्यामुळे क्लॅम्प मीटर खूश असतो. व्होल्टेज मात्र ठोकळ्या-ठोकळ्यांचंच राहतं, आणि प्रत्येक ठोकळ्याची कडा फार तीव्र असते. आयजीबीटी शून्यावरून ५८० व्होल्टवर साधारण ०.१ मायक्रोसेकंदात जातो. हा दर मायक्रोसेकंदाला ५,८०० व्होल्ट इतका होतो.

आता केबलकडे पाहू. केबलमध्ये अशी कडा प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने धावते, म्हणजे मायक्रोसेकंदाला सुमारे १५० मीटर. ५० हर्ट्झच्या विजेला १२० मीटर ही काही लांबी नव्हे. तिच्या दृष्टीने केबल म्हणजे नुसती तार. पण ०.१ मायक्रोसेकंदात चढणारी कडा केबलवर जेमतेम १५ मीटर जागा व्यापते. पॅनेल रूममध्ये ती पूर्ण चढून झालेली असते तेव्हा मोटरला अजून तिची खबरही नसते. तिथं पोचायला तिला ०.८ मायक्रोसेकंद लागतात.

वाटेत ही कडा एकटी नसते, तिच्याबरोबर करंटही धावत असतो. केबलच्या प्रत्येक मीटरला थोडी कपॅसिटी आणि थोडं इंडक्टन्स असतं. पुढच्या पुढच्या मीटरला ५८० व्होल्टपर्यंत भरत जायचं तर त्या कडेला काही करंट सोबत न्यावाच लागतो. व्होल्टेज आणि या करंटचं गुणोत्तर म्हणजे केबलचा सर्ज इम्पिडन्स. पॉवर केबलला तो ५० ते १०० ओमच्या घरात असतो. आपण ८० धरू. म्हणजे कडेबरोबर सुमारे ७ अँपिअर धावताहेत.

ही जोडी मोटरच्या टर्मिनलवर पोचते. पुढे कॉइल आहे, आणि कॉइल एवढ्या थोड्या वेळात करंट घ्यायला तयार नसते. लहान-मध्यम मोटरचा सर्ज इम्पिडन्स हजार-दोन हजार ओम किंवा त्याहून जास्त असतो. आलेल्या ७ अँपिअरना पुढे वाट नाही. मग तो चार्ज टर्मिनलवरच साचतो, तिथलं व्होल्टेज वर चढतं आणि ते चढलेलं व्होल्टेज मागे परत धावू लागतं. टोक पूर्ण बंद असतं तर व्होल्टेज नेमकं दुप्पट झालं असतं. मोटर थोडा करंट घेते म्हणून साधारण ९० टक्के परत फिरतं. ५८० अधिक त्याचे ९० टक्के, म्हणजे मोटरच्या टर्मिनलवर सुमारे १,१०० व्होल्ट.

ज्यांनी लांब डिलिव्हरी पाइपलाइनवर काम केलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. व्हॉल्व्ह खाडकन बंद केला की वाहतं पाणी थबकतं, दाबाची लाट उठते आणि पाइपातून मागे-पुढे आपटत राहते. तोच व्हॉल्व्ह हळू फिरवला तर काहीच होत नाही. ‘हळू’ म्हणजे किती, तर लाट पाइपभर जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळापेक्षा बराच जास्त वेळ घेऊन. केबलचं गणितही याच वळणाचं आहे, आणि पुढचे सगळे फिल्टर या एका ‘हळू’साठीच आहेत.

परत फिरलेली लाट ड्राइव्हपाशी येते. ड्राइव्ह आपले ५८० व्होल्ट सोडायला तयार नसतो, म्हणून तिथून ती उलटी होऊन पुन्हा मोटरकडे निघते. त्यामुळे टर्मिनलवर व्होल्टेजचं एकच टोक, म्हणजे शिखर, येऊन थांबत नाही; व्होल्टेज ५८० च्या वर-खाली थरथरत राहतं. एक थरथर म्हणजे केबलची लांबी चार वेळा कापणं, आपल्या उदाहरणात ३.२ मायक्रोसेकंद. तारेच्या रोधाने ती हळूहळू शमते, तोवर पुढची कडा येते.

किती लांब म्हणजे लांब?

इथं एक गैरसमज सर्रास दिसतो. केबल जितकी लांब तितकं टोक उंच, असं समजलं जातं. तसं नाही. परतलेली लाट ड्राइव्हला शिवून उलटी होऊन मोटरपाशी येईपर्यंत मूळ कडा चढून झालेली असेल, तर टोक पूर्ण उंचीला जातं. त्यापुढे केबल कितीही वाढवली तरी या एका कारणाने उंची वाढत नाही. ही मर्यादा सोपी आहे: वेग गुणिले कडेचा चढण्याचा वेळ, भागिले दोन. १५० गुणिले ०.१ भागिले २, म्हणजे साडेसात मीटर. बस्स इतकंच. अनेकांना वाटतं आपली केबल ३० मीटरच आहे, काळजी नको. आयजीबीटीच्या दृष्टीने ३० मीटर भरपूर आहेत.

जुन्या ट्रान्झिस्टरच्या ड्राइव्हमध्ये कडा चढायला मायक्रोसेकंदाच्या आसपास लागायचा, तेव्हा हीच मर्यादा ७५ मीटर होती. म्हणून १९९०च्या दशकात आयजीबीटी ड्राइव्ह पसरू लागले तसा हा त्रास ठळक झाला. ड्राइव्ह सुधारला, स्विचमधली उष्णता कमी झाली, आणि बिल मोटरच्या नावावर फाडलं गेलं. आता येणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचमध्ये कडा आणखी कितीतरी तीव्र असते. तिथं दोन-चार मीटरही पुरतात.

१,१०० हा आकडा शेवटचा नाही. लाइन व्होल्टेज १० टक्के जास्त आलं तर डीसी बस ६४० च्या आसपास जाते आणि टोक १,२२० पर्यंत. पंपाला लागू नाही, पण मोठा पंखा, क्रेन किंवा सेंट्रिफ्यूज थांबवताना मोटर उलटी वीज ड्राइव्हला देते, बस ७५० व्होल्टपर्यंत चढू शकते, आणि त्या काही सेकंदांत टोकं १,४०० च्या घरात जातात. आणखी एक कारण असतं: आधीची थरथर शमण्याआधीच दुसरा अरुंद पल्स आला तर त्याची लाट शिल्लक थरथरीवर चढते आणि दुपटीचीही मर्यादा ओलांडते. या शेवटच्या बाबतीत मात्र लांब केबल खरोखरच जास्त वाईट, कारण थरथर शमायला वेळ लागतो.

पहिले वेढेच का?

मोटरचं वाइंडिंग हीसुद्धा लाटेसाठी लांब वाटच आहे. तीव्र कडा पहिल्या कॉइलमध्ये शिरते तेव्हा शेवटची कॉइल अजून शून्यावर असते. ५० हर्ट्झवर जे व्होल्टेज सगळ्या वेढ्यांत सारखं वाटलं जातं, त्याचा मोठा भाग काही क्षण पहिल्या कॉइलवरच पडतो. लहान मोटरमध्ये तार खाचेत हाताने भरलेली असते, त्यामुळे पहिला वेढा आणि त्याच कॉइलचा शेवटचा वेढा एकमेकांना चिकटून पडलेले असू शकतात. मध्ये असतं ते फक्त दोन तारांचं इनॅमल, आणि वार्निश नीट न भरल्यास एखादी हवेची पोकळी.

हवेची पोकळी हा यातला खरा खलनायक. दोन तारांमधलं व्होल्टेज पुरेसं चढलं की त्या हवेत सूक्ष्म ठिणगी पडते. हवेत ठिणगी पडायला कमीत कमी सव्वातीनशे व्होल्ट लागतात. एका ठिणगीने काही होत नाही. पण तिच्यातून ओझोन तयार होतो, ओल असेल तर नायट्रिक आम्लही, आणि इनॅमल कणाकणाने खाल्लं जातं. स्विच सेकंदाला जितक्या वेळा चालू-बंद होतात ती कॅरिअर फ्रिक्वेन्सी; ती ४ किलोहर्ट्झ असेल तर एका फेजवर सेकंदाला ८,००० कडा येतात, तासाला २ कोटी ८८ लाख. इनॅमल झिजून दोन वेढे एकमेकांना टेकले की त्या वेढ्यात प्रचंड करंट फिरतो आणि तांबं तिथल्या तिथं वितळतं. मेगर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन मोजतो, वेढ्या-वेढ्यांमधलं नाही. म्हणून आदल्या दिवशीचं उत्तम रीडिंग खरंही असतं आणि निरुपयोगीही. ही झीज आधी पकडायची तर सर्ज टेस्टर लागतो.

कॅरिअर फ्रिक्वेन्सी कमी करा, हा सल्ला अनेक जण देतात. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. ८ वरून ४ किलोहर्ट्झ केल्याने घावांची संख्या निम्मी होते. प्रत्येक घाव तितक्याच ताकदीचा राहतो.

फिल्टर काय करतो

उपाय तर्काने दिसतोच. कडा इतकी हळू चढवायची की तिचा वेळ केबलच्या जा-ये वेळेच्या कैक पट व्हावा. आपल्या १२० मीटरला एक जा-ये १.६ मायक्रोसेकंद. कडा पाच-सहा मायक्रोसेकंदांवर नेली तर परतणाऱ्या लाटा चढत्या कडेतच मिसळत जातात आणि मोठं टोक उभं राहत नाही.

सगळ्यात स्वस्त तोड म्हणजे ड्राइव्हच्या आउटपुटला तीन फेजचा चोक. लोक तो लावतात आणि निर्धास्त होतात, म्हणून त्यावर थोडं थांबतो. १५ किलोवॉटला साजेसा लहान चोक दर फेजला ०.४ मिलिहेन्रीच्या आसपास असेल. १२० मीटर केबलची कपॅसिटी साधारण १० नॅनोफॅराड धरा. चोक ही कपॅसिटी हळूहळू भरतो, म्हणून कडेचा वेळ ०.१ वरून ५ ते १० मायक्रोसेकंदांवर जातो. हे उत्तमच झालं. पहिल्या वेढ्यांवरचा ताण उतरतो. पण चोक आणि केबल मिळून आता स्वतःच एक झुलणारी जोडी बनली. चोकमधला करंट ५८० व्होल्टला पोचल्यावर लगेच थांबत नाही, तो पुढे ढकलत राहतो आणि व्होल्टेज पुन्हा दुपटीकडे सरकतं. चोकच्या लोखंडात थोडी ऊर्जा जिरते म्हणून ते पूर्ण दुप्पट होत नाही, एवढंच. थोडक्यात, नुसत्या चोकने कडा मवाळ होते, शिखर बरंचसं तसंच राहतं. फेज आणि बॉडीमधल्या किंवा दोन फेजमधल्या इन्सुलेशनला अजूनही तेवढंच सोसावं लागतं.

चोकचा एक वेगळा उपयोग मात्र दुर्लक्षित राहतो. मघाशी कडेबरोबर ७ अँपिअर धावतात असं म्हटलं. १५ किलोवॉटच्या ड्राइव्हला ते किरकोळ आहेत. पण दीड किलोवॉटची साडेतीन अँपिअरची मोटर तेवढ्याच लांब केबलवर असेल, तर केबल भरण्याच्या या झटक्यांनीच ड्राइव्ह ओव्हरकरंट दाखवून ट्रिप होतो. मोटर काढून नुसती केबल जोडली तरी ट्रिप येत असेल आणि केबल तपासून निर्दोष निघाली, तर कारण बहुधा हेच. तिथं चोक लगेच गुण देतो.

झुलणं थांबवायचं तर ऊर्जा कुठंतरी जिरवायला हवी. डीव्ही-डीटी म्हणजे व्होल्टेज चढण्याचा दर; डीव्ही-डीटी फिल्टर हेच करतो: चोक, आणि त्याच्यापुढे फेजना जोडलेले लहान कपॅसिटर, प्रत्येकाबरोबर एक रेझिस्टर. कडा हळू चढते, वर उसळू पाहणारी ऊर्जा रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. बाजारातले असे फिल्टर साधारणपणे कडेचा दर मायक्रोसेकंदाला ५०० व्होल्टच्या खाली आणि शिखर १,००० व्होल्टच्या आत ठेवण्याची हमी देतात, १५० किंवा ३०० मीटर केबलपर्यंत. आपल्या पंपाला हाच योग्य. दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. तो ड्राइव्हजवळ बसवायचा, मोटरजवळ नाही, कारण कडा केबलमध्ये शिरण्याआधीच मवाळ व्हायला हवी. आणि त्याला कॅरिअर फ्रिक्वेन्सीची कमाल मर्यादा असते. प्रत्येक कडेला रेझिस्टर तापतो. मोटरची किणकिण नको म्हणून कोणीतरी ४ ची सेटिंग १२ केली की रेझिस्टरवरची उष्णता तिप्पट. जळका वास येणारा फिल्टर बहुतेक वेळा असाच बिघडलेला असतो.

त्याच्याही पुढचा म्हणजे साइन फिल्टर. इथं चोक आणि कपॅसिटर इतके मोठे असतात की ५० हर्ट्झ आरपार जातं आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी जवळजवळ पूर्ण अडते. मोटरला खरोखरची साइन वेव्ह मिळते, टोकांचा विषयच संपतो. केबल कितीही लांब असो, मध्ये ट्रान्सफॉर्मर असो, किंवा मोटर इतकी जुनी असो की तिच्यावर कसलाच भरवसा नाही, तिथं हाच. पण तो महाग, जड, आणि ५ ते १० टक्के व्होल्टेज स्वतःत खाणारा. पूर्ण लोडवर मोटरला ४१५ ऐवजी ३८०-३९० मिळाले तर करंट वाढतो, हे मोटर निवडतानाच धरावं लागतं. याची फ्रिक्वेन्सीची अट डीव्ही-डीटीच्या नेमकी उलटी आहे: कॅरिअर एका किमान मर्यादेच्या खाली जाता कामा नये. ती खाली आली तर फिल्टरच्या स्वतःच्या झुलण्याच्या फ्रिक्वेन्सीजवळ पोचते आणि कपॅसिटरमधला करंट बेसुमार वाढतो. गंमत अशी की अनेक ड्राइव्ह गरम झाले की कॅरिअर आपणहून कमी करतात. साइन फिल्टर लावल्यावर ही सोय बंद करायची, आणि ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये साइन फिल्टर आहे असं नोंदवायचा पर्याय असेल तर तो भरायचा.

मोटरच्या टोकाला बसवायचा टर्मिनेटरही मिळतो. त्यात केबलच्या सर्ज इम्पिडन्सइतका रेझिस्टर आणि कपॅसिटर असतो. आलेले ७ अँपिअर त्याच्यात शिरतात म्हणून लाट परततच नाही. कडा मात्र तशीच तीव्र राहते. पॅनेलमध्ये चोकला जागाच नसेल तेव्हा तो कामी येतो.

फिल्टर घ्यायचाच का, हे मोटरवर ठरतं. अमेरिकेच्या नेमा एमजी-१ मानकात साध्या मोटरला १,००० व्होल्टचं शिखर आणि २ मायक्रोसेकंदांची कडा एवढंच सोसण्याची अपेक्षा आहे. ड्राइव्हसाठी बनवलेल्या मोटरने रेटेड व्होल्टेजच्या ३.१ पट शिखर ०.१ मायक्रोसेकंदाच्या कडेसकट सोसावं अशी अट आहे. ४१५ ला हे सुमारे १,२८५ व्होल्ट होतात. म्हणजे आपल्या पंपाला अशी इन्व्हर्टर ड्यूटी मोटर असती तर १,१००-१,२०० व्होल्टवर फिल्टरशिवाय चालवणं समर्थनीय ठरलं असतं. जुनी मोटर ठेवली असेल तर नाही. आणि इन्व्हर्टर ड्यूटी मोटर एकदा जळून साध्या इनॅमलच्या तारेने भरून आली, की नेमप्लेटवर काहीही लिहिलेलं असो, ती साधी मोटर झाली. भरायला देताना इन्व्हर्टर ग्रेड तार, फेज-फेजमधला कागद आणि पोकळ्या न राहतील असं वार्निश, शक्य असल्यास व्हॅक्यूममध्ये, हे लिहून द्यावं.

टोक प्रत्यक्ष पाहायचं तर मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये, दोन फेजमध्ये मोजावं लागतं. ड्राइव्हच्या टोकाला ते दिसत नाही. ऑसिलोस्कोप आणि किमान दीड-दोन हजार व्होल्ट सोसणारा जलद डिफरन्शिअल प्रोब लागतो. साध्या प्रोबची अर्थ क्लिप फेजला लावणं म्हणजे स्कोप जाळणं, आणि कदाचित हातही. पडद्याची वेळ विभागाला १ मायक्रोसेकंद ठेवली की कडा, टोक आणि थरथर तिन्ही दिसतात. थरथरीच्या एका आवर्तनाला चारने भागून १५० ने गुणलं की केबलची लांबीही निघते. ती जागेवरच्या लांबीशी जुळली तर आपण पाहतोय ती परतलेली लाटच आहे याची खात्री.

फिल्टर लावूनही बेअरिंग खराब होत राहिले, तर गोंधळून जाऊ नये. शाफ्टमधून बेअरिंगवाटे जाणारा करंट हा तिन्ही फेज आणि अर्थ यांच्यामधल्या व्होल्टेजमुळे येतो. फेज-फेजमध्ये जोडलेला साधा डीव्ही-डीटी किंवा साइन फिल्टर त्याला फारसा हात लावत नाही. त्यासाठी तिन्ही केबल एकत्र ओवलेला कॉमन मोड कोअर, शाफ्टला अर्थिंग ब्रश किंवा इन्सुलेटेड बेअरिंग असे वेगळे उपाय आहेत, आणि केबलच्या आर्मरचं अर्थिंग दोन्ही टोकांना नीट आहे का, हे त्याआधी पाहायचं.